आत्याचा फोन बिघडलेला नाही

"तुमच्या फोनमध्येच प्रॉब्लेम आहे. रिसेट मारा, नाहीतर नवीन घ्या." लिंक भलत्याच ठिकाणी उघडते अशी तक्रार घेऊन कुणी गेलं की हे उत्तर मिळतं. मोबाइलच्या दुकानात मिळतं, कस्टमर केअरवर मिळतं आणि घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या भाच्याकडूनही मिळतं. मी गेली अनेक वर्षं मोबाइल अ‍ॅप तपासण्याचं काम करते आणि हे उत्तर ऐकलं की माझं डोकं फिरतं. कारण ते चुकीचं आहे, आणि ते देणाऱ्यांपैकी जवळजवळ कुणीच फोन हातात घेऊन पाहिलेलं नसतं.

या मंडळींचं म्हणणं त्यांच्याच बाजूने नीट मांडते. एकच लिंक आहे, मग ती सगळ्या फोनवर सारखीच उघडायला हवी. वहिनीच्या फोनवर अ‍ॅप उघडतं आणि आत्याच्या फोनवर उघडत नाही, म्हणजे आत्याच्या फोनमध्ये दोष आहे किंवा आत्याने कुठेतरी नको ते दाबलंय. शिवाय अ‍ॅपच्या आतच पान उघडलं तर बिघडलं कुठे? उलट सोय होते, बाहेर जावं लागत नाही. आणि कुणाला नकोच असेल तर सेटिंगमध्ये जाऊन बदलावं, कुणी अडवलंय?

यातलं एकेक वाक्य तपासून बघू. त्यासाठी आमच्याच घरातला प्रसंग सांगते.

आत्याकडे एका स्थानिक कंपनीचं इंटरनेट आहे. कंपनीचं अ‍ॅप आहे आणि दर महिन्याला बिलाचा एसेमेस येतो. त्यात एक लिंक असते. खरा पत्ता देत नाही, `https://bill.example.com/p/` असा काहीतरी आहे असं समजा. वहिनीचा फोन जुना, अँड्रॉइड 11 चा, कोपऱ्यातून काच तडकलेला. तिने एसेमेसमधली लिंक दाबली की कंपनीचं अ‍ॅप उघडतं, बिल समोर येतं, दोन टिचक्यांत पैसे भरले जातात. आत्याचा फोन गेल्या दिवाळीत मुलाने घेऊन दिलेला, अँड्रॉइड 14 चा. तेच अ‍ॅप, प्ले स्टोअरवरूनच घेतलेलं, दोघींकडे एकाच आवृत्तीचं. तिने लिंक दाबली की ब्राउझर उघडतो आणि एक पान मोबाइल नंबर आणि ओटीपी मागतं. सत्तरीला आलेल्या बाईला घरातले सगळे रोज बजावतात की अनोळखी पानावर ओटीपी टाकू नकोस. तिने टाकला नाही. बिल थकलं, नेट बंद पडलं, आणि दुकानदाराने सल्ला दिला की फोन रिसेट करा.

त्या सल्ल्यात एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. जुना फोन बरोबर चालत होता आणि नवा चालत नव्हता. फोन जुना झाल्याने असं होतं म्हणणाऱ्यांनी याचं काय करायचं?

आता प्रत्यक्षात काय घडतं ते पाहू. तुम्ही लिंक दाबता तेव्हा ती कुठे उघडायची हे लिंकमध्ये लिहिलेलं नसतं. लिंक म्हणजे नुसता पत्ता. एसेमेसचं अ‍ॅप तो पत्ता अँड्रॉइडच्या हवाली करतं आणि म्हणतं, हे कुणाला तरी दाखवायला सांग. मग अँड्रॉइड बघतं की या पत्त्यावर हक्क सांगणारं एखादं अ‍ॅप फोनमध्ये आहे का. इंटरनेट कंपनीच्या अ‍ॅपने आपल्या कागदपत्रांत लिहिलेलं असतं की `bill.example.com` च्या लिंक माझ्याकडे द्या. पण असं तर कुठलंही अ‍ॅप लिहू शकतं. उद्या एखाद्या भामट्याने आपल्या अ‍ॅपमध्ये बँकेचा पत्ता लिहिला तर? म्हणून 2015 मध्ये, अँड्रॉइड 6 पासून, दुसऱ्या बाजूची साक्ष काढण्याची सोय आली. वेबसाइटच्या मालकाने आपल्या साइटवर `/.well-known/assetlinks.json` या ठराविक जागी एक छोटी फाइल ठेवायची आणि तिच्यात सांगायचं की अमुक अ‍ॅप माझं आहे. ती फाइल अशी दिसते:

```
[{
  "relation": ["delegate_permission/common.handle_all_urls"],
  "target": {
    "namespace": "android_app",
    "package_name": "com.example.bill",
    "sha256_cert_fingerprints": ["14:6D:E9:..."]
  }
}]
```

शेवटच्या ओळीतला तो लांबलचक आकडा म्हणजे अ‍ॅपवरच्या सहीचा ठसा. प्रत्येक अ‍ॅपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. नाव कुणीही चोरू शकतं, सही चोरणं अवघड, म्हणून ठसा जुळवून पाहतात. अ‍ॅप फोनमध्ये बसवलं जातं त्या वेळी अँड्रॉइड ही फाइल मागवतं, ठसा जुळतो का पाहतं आणि निकाल नोंदवून ठेवतं. जुळला तर पुढे लिंक दाबल्यावर काहीही न विचारता थेट अ‍ॅप उघडतं.

आणि जुळला नाही तर? सगळी मेख इथेच आहे, कारण या प्रश्नाचं उत्तर मधल्या काळात बदललं. अँड्रॉइड 11 पर्यंत ठसा जुळला नाही तरी अ‍ॅपला उमेदवार म्हणून उभं राहता येत होतं. लिंक दाबली की खालून एक पट्टी वर यायची, कशाने उघडायचं असं विचारायची, आणि 'फक्त एकदाच' आणि 'नेहमी' अशी दोन बटणं द्यायची. एकदा 'नेहमी' दाबलं की प्रश्न कायमचा मिटला. अँड्रॉइड 12 आलं 2021 मध्ये, आणि त्याने ही पट्टी काढून टाकली. आता साक्ष जुळलेली नसेल आणि तुम्ही स्वतः सेटिंगमध्ये जाऊन परवानगी दिलेली नसेल, तर वेबची लिंक सरळ ब्राउझरकडे जाते. विचारणा नाही, सूचना नाही.

हा बदल माझ्या मते योग्यच होता. ज्या अ‍ॅपने आपली मालकी सिद्ध केलेली नाही त्याला लिंक कशाला द्यायची? पण त्या बदलानंतर आपली फाइल बरोबर आहे की नाही हे पाहणं कंपनीचं काम होतं, आत्याचं नव्हे.

मी आत्याचा फोन लॅपटॉपला जोडला आणि एक आज्ञा दिली:

```
adb shell pm get-app-links com.example.bill
```

उत्तरात `bill.example.com` या नावापुढे `verified` हा शब्द यायला हवा होता. त्या जागी आला `1024`. म्हणजे पडताळणी झालेली नाही. हा आकडा का झाली नाही ते सांगत नाही, पण त्याच उत्तरात वरती `Signatures` या शब्दापुढे फोनमधल्या अ‍ॅपच्या सहीचा ठसा येतो. तो मी कंपनीच्या फाइलमधल्या ठशाशी ताडून पाहिला. पहिल्या जोडीपासूनच वेगळा. वहिनीच्या फोनमध्येही अ‍ॅप तेच, सहीही तीच, म्हणजे तिथेही ठसा जुळत नव्हता. तिचं काम चालत होतं ते एवढ्याचसाठी, की कधीतरी ती पट्टी वर आली होती आणि तिने 'नेहमी' दाबलं होतं. ते तिला आठवतही नाही. आत्याच्या फोनला तो प्रश्न विचारण्याची मुभाच उरलेली नव्हती.

मी कंपनीला फोन केला. पलीकडचा मुलगा सभ्य होता. त्याने टेक्निकल टीमला विचारून सांगितलं, "मॅडम, आमच्याकडे सगळ्या फोनवर चालतंय, अँड्रॉइड 14 वरपण." तो खोटं बोलत नव्हता, आणि म्हणून तर मला जास्त राग आला. त्यांच्याकडे चालणारच! प्ले स्टोअरवर अ‍ॅप टाकताना आता बहुतेक ठिकाणी असं होतं की कंपनी आपल्या किल्लीने सही करून अ‍ॅप गूगलला देते, आणि लोकांच्या फोनवर ते पाठवताना गूगल आपल्याकडे ठेवलेल्या दुसऱ्या किल्लीने सही करतं. कंपनीच्या मुलांच्या फोनमध्ये ऑफिसातून थेट बसवलेलं अ‍ॅप, त्यांच्या स्वतःच्या सहीचं. फाइलमध्ये ठसाही त्याच सहीचा. त्यामुळे ऑफिसातल्या प्रत्येक फोनवर साक्ष जुळत होती आणि ऑफिसाबाहेरच्या एकाही फोनवर जुळत नव्हती. गूगलच्या सहीचा ठसा प्ले कन्सोलमध्ये लिहिलेलाच असतो. तो उचलून फाइलमध्ये दुसरी ओळ म्हणून चिकटवायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं कुणी दिली नाहीत, आणि दोष मात्र एका म्हाताऱ्या बाईच्या बोटांना दिला गेला.

रिसेटने काय झालं असतं ते सांगते. आत्याचे फोटो गेले असते, तिचे भजनांचे रेकॉर्डिंग गेले असते, बँकेची अ‍ॅप पुन्हा नोंदवावी लागली असती. मग कंपनीचं अ‍ॅप पुन्हा उतरवलं असतं, अँड्रॉइडने पुन्हा फाइल मागवली असती आणि ठसा पुन्हा जुळला नसता. एवढंच कबूल करते की अ‍ॅप बसवताना नेमकं नेट गेलेलं असेल तर पडताळणी राहून जाऊ शकते, आणि तेव्हा अ‍ॅप काढून पुन्हा बसवण्याने फरक पडतो. पण त्यासाठी एक अ‍ॅप काढायचं असतं, अख्खा फोन पुसायचा नसतो.

आयफोनवाल्यांनी यात आपण सुटलो असं समजू नये. तिथेही 2015 पासून अशीच दोन बाजूंची साक्ष आहे, फाइलचं नाव फक्त `apple-app-site-association`. आणि तिथे आणखी एक त्रासदायक गोष्ट आहे. लिंकवर बोट दाबून धरलं की पर्यायांची यादी येते. तिच्यातून एकदा सफारीत उघडायला सांगितलं, की फोन ती निवड त्या साइटसाठी लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी साधी टिचकी मारली तरी सफारीच. परत अ‍ॅप हवं असेल तर पुन्हा बोट दाबून धरून अ‍ॅपचा पर्याय निवडायचा. हे कुठल्या पडद्यावर लिहिलंय का? दोन बहिणी, दोन सारखे आयफोन, आणि एकीचं बोट कधीकाळी जरा जास्त वेळ टेकलं होतं, एवढ्यावर फरक पडतो.

आता दुसरा मुद्दा, की अ‍ॅपच्या आत पान उघडलं तर बिघडलं कुठे. आमच्या दादाच्या बाबतीत हेच झालं. त्याने तीच लिंक एसेमेसमधून उघडली नाही. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी ती टाकली होती, एका समाजमाध्यमाच्या अ‍ॅपमध्ये, आणि त्याने ती तिथून दाबली. पान उघडलं ते त्याच अ‍ॅपच्या आत. वर पत्ता, डाव्या कोपऱ्यात फुली, दिसायला ब्राउझरच. त्याने नंबर टाकला, ओटीपी टाकला, यूपीआयचं बटण दाबलं, आणि पांढऱ्या पानावर अक्षरं आली: `net::ERR_UNKNOWN_URL_SCHEME`. त्याने तीन वेळा प्रयत्न केला. मग मला विचारलं, "पैसे गेले का गं?"

गेले नव्हते, कारण व्यवहार सुरूच झाला नव्हता. एसेमेसच्या अ‍ॅपने निदान फोनला विचारलं तरी, की ही लिंक कुणाची. या अ‍ॅपने विचारलंच नाही. त्याने आपल्याच पोटात वेबव्ह्यू नावाची खिडकी उघडली आणि पान तिथे दाखवलं. फाइल, ठसा, 'नेहमी'चं बटण, दादाने निवडलेला डिफॉल्ट ब्राउझर, यातलं काहीच त्या प्रसंगात आलं नाही. या खिडकीला फक्त वेबचे पत्ते समजतात. यूपीआयचं बटण `upi://` ने सुरू होणारा पत्ता सोडतं, आणि तो बाहेरच्या पैशाच्या अ‍ॅपला पोचवायचं काम खिडकी उघडणाऱ्या अ‍ॅपने करायचं असतं. ते त्याने केलं नसेल तर खिडकी म्हणते, हा प्रकार मला माहीत नाही. दादाच्या फोनमध्ये पैशाची दोन अ‍ॅप व्यवस्थित चालू होती.

याला सोय म्हणतात. कुणाची सोय? या खिडकीच्या कुकीज ब्राउझरपेक्षा वेगळ्या असतात, म्हणून तुम्ही ब्राउझरमध्ये लॉगिन केलेलं असलं तरी इथे पुन्हा लॉगिन करावं लागतं. खिडकी ज्या अ‍ॅपची, त्या अ‍ॅपला तिच्यातल्या पानावर आपला कोड चालवता येतो. फेलिक्स क्राउझे या सुरक्षा-संशोधकाने ऑगस्ट 2022 मध्ये दाखवून दिलं की आयफोनवरचं इन्स्टाग्राम आपल्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडलेल्या परक्या वेबसाइटवर स्वतःचा जावास्क्रिप्ट कोड घालतं. त्याने नेमकी कुठली माहिती उचलली जाते असा दावा केला नव्हता, पण दार उघडं आहे हे सिद्ध केलं. गूगलला तर याची जाणीव आधीच होती. अशा खिडक्यांमधून गूगलचं लॉगिन करू देणार नाही असं त्यांनी 2016 मध्ये जाहीर केलं आणि पुढच्या वर्षापासून बंदी आणली. आजही तिथे लॉगिन करायला गेलात तर `403: disallowed_useragent` असा नकार येतो. जिथे गूगल आपला पासवर्ड टाकू देत नाही, तिथे माझ्या दादाने ओटीपी टाकायचा?

वेगाचा मुद्दा कुणी काढेल, म्हणून सांगते. अ‍ॅपच्या बाहेर न जाता पान झटकन दाखवायचं असेल तर त्याचीही प्रामाणिक पद्धत 2015 पासून आहे. तिला कस्टम टॅब म्हणतात. ती दिसते अ‍ॅपमध्ये, पण चालवतो तुमचा ब्राउझर, तुमच्याच कुकीजसह, आणि अ‍ॅपला आतलं काही वाचता येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: तीन ठिपक्यांचा मेनू उघडला की ही खिडकी कुठल्या ब्राउझरवर चालतेय ते तिथे लिहिलेलं असतं. शिवाय अँड्रॉइड 11 पासून अ‍ॅपला लिंक देतानाच फोनला सांगता येतं की ब्राउझर सोडून दुसरं कुठलं अ‍ॅप या पत्त्याचं हक्कदार असेल तरच उघड, नसेल तर मला कळव, मग मी टॅब उघडतो. एवढ्या सोयी हाताशी असताना जो वेबव्ह्यूच वापरतो, त्याला माणूस आपल्या अ‍ॅपबाहेर जाऊ नये एवढंच हवं असतं. त्याला वापरणाऱ्याची सोय म्हणू नका.

राहिला सेटिंगचा मुद्दा. नको असेल तर बदला म्हणे. कुठे बदलायचं? अँड्रॉइडवर जीमेलच्या सेटिंगमध्ये लिंक जीमेलमध्येच उघडाव्यात का याची वेगळी चौकट आहे. टेलिग्राममध्ये ती वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या नावाने. काही अ‍ॅपमध्ये ती मीडियाच्या पानात लपलेली, काहींमध्ये नाहीच. आत्यासाठी जी जागा होती ती आणखी वेगळी: फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅपची यादी, त्यात कंपनीचं अ‍ॅप, त्यात डिफॉल्टने उघडण्याचं पान, आणि तिथे लिंक जोडण्याचा पर्याय. मी तो तिला लावून दिला आणि लिंक लगेच अ‍ॅपमध्ये उघडायला लागली. पण अ‍ॅप काढून पुन्हा बसवलं की हे सगळं पुन्हा करायचं. आणि दादासाठी या पानावर काहीही केलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण त्याची लिंक फोनपर्यंत पोचतच नव्हती. डिफॉल्ट ब्राउझर निवडायचा हक्क अँड्रॉइडवर पहिल्यापासून आहे, आयफोनवर 2020 पासून आहे. अर्धी अ‍ॅप लिंक आपल्या पोटातच उघडणार असतील तर त्या हक्काचा उपयोग काय?

म्हणून दुकानात, फोनवर किंवा घरात कुणी तक्रार घेऊन आलं की आधी दोन गोष्टी विचारा: लिंक कुठल्या अ‍ॅपमधून दाबली, आणि फोन अँड्रॉइड 12 च्या अलीकडचा आहे की पलीकडचा. एवढ्यावर बहुतेक वेळा कळतं की दोष लिंक दाबणाऱ्या माणसाकडे नाही. तो एकतर लिंकच्या मालकाने फाइल नीट न ठेवण्यात आहे, किंवा मधल्या अ‍ॅपने लिंक फोनला न देण्यात आहे. दोन्ही ठिकाणी चूक पगार घेऊन अ‍ॅप बनवणाऱ्यांची आहे, आणि ती सुधारायची जबाबदारीही त्यांचीच आहे.

इंटरनेट कंपनीला मी दोन्ही ठसे समोरासमोर ठेवून मेल केली. नऊ दिवसांनी फाइलमध्ये दुसरी ओळ आली. मी आत्याच्या फोनमधली माझी हाताने दिलेली परवानगी काढून टाकली, अ‍ॅप पुन्हा बसवलं आणि तीच आज्ञा दिली. या वेळी `verified`. या महिन्याचं बिल तिने स्वतः भरलं, एसेमेसमधून, ओटीपीशिवाय. दादाची लिंक अजून त्या समाजमाध्यमाच्या खिडकीतच उघडते आणि यूपीआयचं बटण अजून तसंच अडतं. त्या अ‍ॅपला मी तीन वेळा लिहिलं आहे. उत्तर एकदाच आलं: अ‍ॅपचा कॅशे साफ करा आणि फोन बंद करून चालू करा.